बायकोचं बाळंतपण आणि ईएल: कंपनीत पितृत्व रजा नसेल तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खासगी नोकरीत असलेल्या आणि लवकरच बाबा होणाऱ्या वाचकांकडून वर्षभर येणाऱ्या प्रश्नांमधून हे पान तयार झालं आहे. महाराष्ट्रातली दुकानं, ऑफिसं, आयटी आणि सेवा कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. घाईत असाल तर प्रश्न ४ आणि ६ आधी वाचा. बहुतेकांची अडचण तिथेच होते.

१. बायकोला २६ आठवडे मिळतात, मग नवऱ्याला कायद्याने काहीच नाही का?

खासगी नोकरीत नाही. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी आईची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण वडिलांसाठी रजेची तरतूद ना त्या कायद्यात होती, ना नव्या संहितेत आहे. त्याच वर्षी हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही.

‘माझ्या मेहुण्याला १५ दिवस मिळाले’ असं बरेच जण लिहितात. तो मेहुणा बहुधा केंद्र सरकारी नोकरीत असतो. केंद्रीय नागरी सेवा रजा नियम, १९७२ मधल्या नियम ४३-अ नुसार दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात, आणि ते प्रसूतीच्या १५ दिवस आधीपासून सहा महिन्यांनंतरपर्यंत घेता येतात. हा नियम खासगी कंपनीला लागू नाही. काही कंपन्या स्वतःहून पाच-दहा दिवस देतात, म्हणून आधी नेमणूक पत्र आणि रजेचं धोरण नीट वाचा. तिथे काही नसेल तर तुमच्या हातात उरते ती अर्जित रजा, म्हणजे ईएल. काही कंपन्या तिला पीएल म्हणतात.

२. ईएल माझ्या हक्काची आहे. मग साहेब नाही कसं म्हणू शकतात?

रजा हक्काची आहे, ती कधी घ्यायची हे मात्र मंजुरीवर अवलंबून असतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की अर्जाची भाषा बिघडते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस ईएल मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. शिवाय वर्षाला ८ किरकोळ रजा, म्हणजे सीएल असतात. त्या दर तिमाहीला खात्यावर जमा होतात आणि वर्षअखेर उरल्या तर बुडतात.

म्हणजे साठलेली रजा कंपनी पुसून टाकू शकत नाही, पण ‘या आठवड्यात नको, पुढच्या आठवड्यात घ्या’ असं म्हणू शकते. इतर कामांसाठी हे चालून जातं. बाळंतपण पुढच्या आठवड्यावर ढकलता येत नाही, म्हणून या रजेचा अर्ज वेगळ्या पद्धतीने करावा लागतो.

३. किती दिवस शिल्लक असले म्हणजे पुरे?

कामाचे पंधरा दिवस हाताशी असावेत असं मी सांगते: दहा प्रसूतीच्या वेळी आणि पाच नंतर. नंतरचे पाच का, ते प्रश्न ७ मध्ये आहे. पगाराच्या स्लिपवरचा आकडा पाहून हिशोब करू नका, कारण तो बऱ्याचदा मागच्या महिन्याचा असतो. एचआरकडून आजची शिल्लक मेलवर मागवून घ्या.

प्रसूती जानेवारी ते मार्चमध्ये असेल तर एक जपायचं. डिसेंबरात ‘ईएलचे पैसे घ्यायचे का?’ असा फॉर्म येतो आणि दिवाळीच्या खर्चानंतर तो भरायचा मोह होतो. निदान पंधरा दिवस सोडून बाकीचेच दिवस त्यात टाका.

४. डॉक्टरांनी १६ जून तारीख दिली आहे. १६ पासून रजा टाकू का?

फक्त तेवढंच लिहिलंत तर फसाल. ती तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेली असते. नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळं साधारण वीसात एक. ३७ व्या आठवड्यापासून पुढे केव्हाही कळा सुरू होऊ शकतात, आणि तारीख उलटून आठवडा गेला तरी अनेक डॉक्टर वाट पाहतात.

आता हे रजेच्या नियमाशेजारी ठेवून बघा. बहुतेक कंपन्यांत ईएल १५ दिवस आधी मागावी लागते. तारीख १६ जून असेल तर १ जूनला अर्ज केला की झालं, असं वाटतं. पण १६ जूनच्या तीन आठवडे आधी, म्हणजे २६ मे रोजी, ३७ आठवडे भरतात. २८ मेला पहाटे दवाखान्यात जावं लागलं तर तुमचा अर्जच गेलेला नसेल, आणि ती रजा ‘न कळवता गैरहजर’ या सदरात जाईल.

म्हणून पंधरा दिवस मोजायचे ते दिलेल्या तारखेपासून नव्हे, ३७ व्या आठवड्यापासून मागे. या उदाहरणात अर्ज ११ मेपर्यंत जायला हवा. सोपं करून सांगायचं तर ३४ वा आठवडा संपत आला की अर्ज करा. अर्जात नियोजित तारखा द्या आणि त्या पुढेमागे सरकू शकतात हेही त्याच अर्जात लिहा. शस्त्रक्रियेने प्रसूती आधीच ठरली असेल तर तारीख बरीच पक्की असते, तरी तारखा सरकण्याचं वाक्य गाळू नका. कळा ठरलेल्या दिवसाची वाट बघत नाहीत.

५. साहेबांना आधी तोंडी सांगू की थेट मेल करू?

आधी तोंडी सांगा, आणि मेल त्याच दिवशी. तोंडी बोलताना रजा मागू नका, फक्त कळवा: ‘मॅडम, जूनच्या मध्यावर आमच्याकडे बाळ येणार आहे. दोन आठवडे ईएल लागेल. अर्ज आज पाठवतो. माझं काम कोणाकडे द्यायचं ते आज ठरवू या का?’ यातला शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. त्यामुळे बोलणं ‘रजा द्यायची की नाही’ यावर न अडकता कामाच्या वाटणीकडे वळतं. नुसत्या तोंडी होकारावर मात्र राहू नका. महिन्याभरात साहेब बदलतात, आणि नव्या साहेबांना जुना होकार माहीत नसतो.

६. अर्जात नेमकं काय लिहायचं? नमुना द्या.

खालचा मजकूर तारखा बदलून वापरा. कंपनीत इंग्रजीत मेल करायची पद्धत असेल तर क्रम हाच ठेवा.

> विषय: अर्जित रजा (ईएल), १५ जून ते २६ जून, कामाचे १० दिवस (सुरुवातीची तारीख बदलू शकते)
>
> माननीय महोदया,
>
> माझ्या पत्नीची प्रसूती १६ जूनच्या सुमारास अपेक्षित आहे. त्यासाठी सोमवार १५ जून ते शुक्रवार २६ जून अशी कामाच्या १० दिवसांची अर्जित रजा मंजूर करावी, ही विनंती. आज माझ्या खात्यावर १७ दिवस अर्जित रजा शिल्लक आहे.
>
> प्रसूती २६ मेनंतर केव्हाही होऊ शकते. ती १५ जूनच्या आधी झाल्यास हीच १० दिवसांची रजा प्रसूतीच्या दिवसापासून सुरू झाली असे धरावे. प्रसूती लांबल्यास रजेची सुरुवात तेवढीच पुढे न्यावी. बदल झाल्यास मी त्याच दिवशी आपल्याला आणि एचआरला कळवीन.
>
> माझ्याकडची बिलिंगची कामे सहकारी पाहतील, त्यांच्याशी बोलणे झाले आहे. कामांची यादी व फाइल २५ मेपर्यंत त्यांच्याकडे सोपवतो.
>
> रजेला आणि तारखेतील संभाव्य बदलाला या मेलवर मंजुरी कळवावी.
>
> आपला,

या अर्जाचा सगळा भार दुसऱ्या परिच्छेदावर आहे. एचआरला घोर असतो तो तारीख बदलली की दिवसही वाढतील याचा. ‘हीच १० दिवसांची रजा’ या शब्दांनी तो मिटतो, कारण तुम्ही फक्त सुरुवात सरकवायची मुभा मागताय. शेवटच्या ओळीत मंजुरी रजेला आणि बदलाला अशी दोन्हींना मागितली आहे. नुसतं ‘मंजूर’ असं उत्तर आलं तर ‘तारखेतील बदलासह मंजूर, असे धरतो. आभार’ अशी एक ओळ परत पाठवून ठेवा.

विषयात ‘पितृत्व रजा’ लिहू नका. धोरणात तो प्रकारच नसेल तर अर्ज ‘अशी रजा उपलब्ध नाही’ या शेऱ्यासह परत येतो आणि हातचा आठवडा जातो. ‘शक्य असल्यास’, ‘जमल्यास’ हेही नको. असं लिहिलं की रजा ऐच्छिक वाटते आणि काम वाढलं की तीच आधी कापली जाते. आणि घरची हकिगत सांगू नका: सासूबाईंचे गुडघे, आधीचा गर्भपात, बायकोचा रक्तदाब. मेल चार जणांना पुढे जातो, आणि ही माहिती तुमच्या बायकोची आहे.

७. सगळी रजा एकदम घेऊ की तोडून?

तोडून. माझं मत यावर पक्कं आहे. पहिल्या आठवड्यात घरात माणसं असतात, आजी असते, बाराव्या दिवशी बारसं असतं. खरी ओढाताण मदतीला आलेलं माणूस परत गेलं की सुरू होते. बायको रात्रीची झोपलेली नसते आणि दिवसा घरात ती आणि बाळ दोघंच.

प्रश्न ६ मधल्या माणसाचाच हिशोब पुढे नेऊ. पुण्यात राहतो, शनिवार-रविवार सुट्टी, ईएल १७. अर्ज ८ मे रोजी केला. प्रसूती आठवडाभर आधी, मंगळवार ९ जूनला पहाटे झाली, शस्त्रक्रियेने. सकाळी सात वाजता त्याने साहेबांना आणि एचआरला एकच संदेश पाठवला:

> नमस्कार. आज पहाटे प्रसूती झाली, दोघे सुखरूप आहेत. ८ मेच्या मेलनुसार माझी १० दिवसांची अर्जित रजा आजपासून सुरू धरावी. मंगळवार २३ जूनला कामावर रुजू होईन.

कामाचे दहा दिवस ९ ते २२ जून असे भरले. शस्त्रक्रियेनंतर चार दिवस दवाखान्यात गेले, घरी आल्यावर टाके दाखवायला आणि बाळाची कावीळ तपासायला फेऱ्या झाल्या, बारसंही याच काळात झालं. उरल्या ७ ईएल. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सासूबाई गावी परतल्या. २१ जुलैला सहा आठवडे भरत होते, म्हणजे बाळाच्या पुढच्या लशींची वेळ. त्याने २० ते २४ जुलै अशा ५ ईएल घेतल्या, अर्ज जूनमध्ये रुजू झाल्याच्या दिवशीच टाकला. २ ईएल उरल्या आणि सीएलला हात लागला नाही. त्या पुढे ताप आला, अचानक दवाखान्यात जावं लागलं, अशा वेळी कामी येतात.

८. पहिलं बाळंतपण माहेरी आहे, दोनशे किलोमीटरवर. मग हिशोब बदलतो का?

हो. तुम्ही हजर राहण्याचे दिवस दोनदा येतात: प्रसूतीच्या वेळी तिकडे, आणि बायको-बाळ तुमच्या घरी येतात तेव्हा इकडे. पहिल्या वेळी सहा-सात दिवस पुरतात, कारण तिथे तिची माणसं आहेत. उरलेले आठ-नऊ दिवस त्या दोघांना घरी आणल्यानंतरसाठी ठेवा. अर्जात एक वाक्य वाढवा: ‘प्रसूती अन्य गावी होणार असल्याने कळा सुरू झाल्याचा फोन येताच निघावे लागेल, त्यामुळे रजा निघण्याच्या दिवसापासून धरावी.’ नाहीतर संध्याकाळी निघालात आणि बाळ दुसऱ्या दिवशी झालं तर मधल्या दिवसाचा वाद उरतो.

९. पोर्टलवर ‘तारीख बदलू शकते’ असं टाकायला जागाच नाही. काय करू?

पोर्टलवर नियोजित तारखा टाका, शेऱ्याच्या रकान्यात ‘तपशील ८ मेच्या मेलमध्ये’ असं लिहा. प्रसूती आधी झाली की जुना अर्ज रद्द करून नवा टाकायचा असतो, आणि घोळ इथेच होतो. पगाराची हजेरी महिन्याच्या एका ठराविक तारखेला बंद होते, बऱ्याच ठिकाणी २० ते २५ च्या दरम्यान. त्यानंतर मागच्या तारखेचा अर्ज पोर्टल घेत नाही. तुम्ही दवाखान्यात असताना ती तारीख उलटली तर ते दिवस बिनपगारी दिसतात आणि पुढच्या महिन्यात दुरुस्तीसाठी मागे लागावं लागतं. पगाराचा कट-ऑफ आधीच विचारून ठेवा आणि एचआरमधल्या कोणालातरी सांगून ठेवा: ‘माझा संदेश आला की पोर्टलवर तुम्हीच बदल करा.’ अनेक ठिकाणी त्यांना ती सोय असते.

१०. मधले शनिवार-रविवार रजेत मोजतात का? सीएल जोडता येते का?

दोन्ही गोष्टी कंपनीच्या धोरणात बघायच्या. जिथे मधल्या सुट्ट्या रजेत धरतात, तिथे १५ ते २६ जून हे दहा नाही, बारा दिवस होतात. तुमचे दहाच दिवस असतील तर दोन दिवस बिनपगारी जातील. म्हणून अर्जात ‘कामाचे १० दिवस’ असे शब्द ठेवा आणि एचआरला मोजणी विचारून घ्या. सीएल आणि ईएल जोडून घेता येत नाहीत असाही नियम अनेक कंपन्यांत आहे. प्रसूतीच्या दिवशी घाईघाईत सीएल टाकून दुसऱ्या दिवसापासून ईएल घेतली आणि दोन्ही अडकल्या, अशी पत्रं नियमित येतात. म्हणून वरच्या नमुन्यात पहिल्या दिवसापासूनच ईएल आहे.

११. एचआर सोनोग्राफीचा रिपोर्ट मागतंय. द्यायचा का?

रिपोर्ट नको. डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या: पत्नीचं नाव आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख. ईएल मिळण्यासाठी आजाराचा पुरावा लागत नाही, तारखेला आधार हवा असेल तर तेवढं पत्र पुरतं. नंतर डिस्चार्ज कार्ड मागितलं तर तारखा आणि नाव असलेलं पहिलं पान दाखवा. बाळाचं नाव ग्रुप विम्यात घालायचं असेल तर मात्र जन्माची कागदपत्रं द्यावी लागतात. ते काम याच रजेत उरका, कारण विम्यात नाव घालायला मुदत असते.

१२. ईएल शिल्लक असून नाही म्हणाले तर?

आधी नकार लेखी घ्या, पण भांडणाच्या सुरात नाही: ‘आपल्या बोलण्यानुसार १५ ते २६ जूनची रजा मंजूर होत नाही असे समजतो. प्रसूतीची तारीख माझ्या हातात नसल्याने प्रसूतीच्या दिवसापासून किमान ५ दिवस आणि उरलेले ५ दिवस जुलैमध्ये, असा पर्याय देतो. यावर २० मेपर्यंत उत्तर मिळावे.’ पाच दिवसांना नकार लेखी द्यायचा झाला की बहुतेक साहेब थबकतात. अडलंच तर तोच मेल एचआरला प्रतीसह पाठवा. पंधरा दिवस आधी अर्ज करून रजा नाकारली गेली, तर ४५ दिवसांवर गेलेल्या ईएलचे पैसे मागण्याचा हक्क राज्याचा कायदा देतो. त्यासाठी अर्जाची तारीख सिद्ध करता आली पाहिजे. म्हणजे पुन्हा मेलच.

१३. नोकरीला चारच महिने झालेत, ईएल शून्य आहे. आजारपणाची रजा टाकू का?

स्वतः आजारी असल्याचं खोटं सर्टिफिकेट देऊन नको. ते उघड झालं तर गैरवर्तनाची चौकशी लागते, आणि नव्या नोकरीत ते झेपणारं नसतं. काही कंपन्यांत कुटुंबातल्या आजारपणासाठीही ही रजा चालते, तसं धोरणात लिहिलेलं असेल तरच घ्या. नाहीतर या क्रमाने मागा: जमा असलेल्या सीएल, मग पुढे जमणाऱ्या ईएलमधून आगाऊ दिवस, मग घरून काम, आणि शेवटी बिनपगारी. अर्जात म्हणा: ‘२ दिवस किरकोळ रजा, ३ दिवस आगाऊ अर्जित रजा आणि पुढील आठवडा घरून काम, असे मंजूर करावे. आगाऊ रजा शक्य नसल्यास ते ३ दिवस बिनवेतन धरावेत.’ शेवटच्या वाक्यामुळे एका नकाराने अख्खा अर्ज अडत नाही. सीएल दुसऱ्या रजेला जोडता येत नसेल (प्रश्न १०) तर ते दोन दिवस चेकअपसाठी आधीच वापरा.

१४. बाळाला एनआयसीयूमध्ये ठेवलं आहे. रजा वाढवायची तर काय लिहू?

मूळ रजा संपायच्या दोन दिवस आधी, तीन ओळींत: ‘बाळ अद्याप रुग्णालयात दाखल आहे. माझी अर्जित रजा २३ ते २९ जून अशी आणखी ५ दिवस वाढवावी, शिल्लक ७ दिवस आहे. २८ जूनला पुढील स्थिती कळवीन.’ मुदत छोटी मागा आणि पुन्हा कळवायचा दिवस स्वतःच द्या. ‘डॉक्टर सांगतील तोपर्यंत’ असं लिहिलं की मंजुरी देणाऱ्याला किती दिवसांवर सही करायची तेच कळत नाही. जुलैसाठी राखलेले दिवस इथे खर्च झाले तर होऊ द्या, ते अशाच वेळेसाठी असतात.

१५. बाळ गेलं. रजा मंजूर झालेली आहे, ती आता घेता येईल का?

हो. रजा तुमची आहे आणि ती रद्द करायचं काही कारण नाही. पत्नी नोकरी करत असेल तर तिचे हक्कही पाहा: गर्भपात झाल्यास कायद्याने तिला सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. तुम्ही स्वतः काही लिहू नका. एखाद्या जवळच्या सहकाऱ्याला सांगा, त्याने साहेबांना आणि एचआरला एवढंच कळवावं: ‘त्यांच्या घरी दुःखद घटना घडली आहे. मंजूर रजा आजपासून सुरू धरावी. कृपया फोन करू नयेत, ऑफिसमध्ये अभिनंदनाचे संदेश जाऊ नयेत.’ हे शेवटचं वाक्य त्याच दिवशी पोचलं पाहिजे. ग्रुपवर कोणीतरी पेढे मागण्याच्या आत.